गोळी उतरते तेव्हा

मराठीत ताप उतरतो, राग उतरतो, विष उतरतं. या तिन्ही वेळी उतरणं म्हणजे सुटका. आमच्या घरात मात्र गेली काही वर्षं गोळी उतरते, आणि ती उतरली की बाबा खुर्चीतून उठू शकत नाहीत. इंग्रजीत या अवस्थेला 'वेअरिंग ऑफ' म्हणतात. औषधाचा असर पुढच्या मात्रेची वेळ येण्याआधीच संपणं, असा त्याचा अर्थ. मी भाषांतर करून पोट भरते, म्हणून असल्या शब्दांशी थांबायची मला सवय आहे. पण पार्किन्सनच्या बाबतीत थांबणं सवयीपुरतं राहिलं नाही. कोणता शब्द कोणत्या हालचालीला लावायचा यावर किती मिलिग्रॅम औषध द्यायचं हे ठरत होतं.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना लेव्होडोपा हे नाव बहुधा ऑलिव्हर सॅक्सच्या 'अवेकनिंग्ज'मुळे माहीत असतं. मलाही एम.ए.च्या वर्गात ते तिथेच भेटलं. १९६९ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात दशकानुदशकं थिजून बसलेली माणसं या औषधाने उठून चालू लागली, बोलू लागली, आणि पुढे अनेकांच्या बाबतीत ते जागेपण वेड्यावाकड्या हालचालींत विस्कटत गेलं. त्या माणसांचा आजार मेंदूदाहानंतरचा होता, बाबांचा तसा नाही. औषध मात्र तेच आहे. पुस्तकात जे काही आठवड्यांत झालं, ते आमच्या घरी दहा वर्षांत, सावकाश, घड्याळाच्या काट्यांवर मोजत झालं.

बाबा वडोदऱ्यात पोस्टात होते. मनीऑर्डरच्या फॉर्मवरचं त्यांचं अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातंय, हे आधी त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. मग टेबलावर विसावलेला उजवा हात थरथरू लागला. २०१३ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, निदान झालं. मेंदूच्या तळाशी, बेसल गँग्लिया म्हणतात त्या भागात डोपामिन पोचवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून हालचाल सुरूच होत नाही किंवा मंदावते. डोपामिन गोळीने देऊन भागत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा ओलांडू शकतो, आणि पलीकडे गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. १९६१मध्ये व्हिएन्नात त्याची इंजेक्शनं पहिल्यांदा पार्किन्सनच्या रुग्णांना दिली गेली. १९६७मध्ये जॉर्ज कॉत्झियास यांनी तोंडावाटे, हळूहळू वाढवत नेलेल्या मोठ्या मात्रांनी त्याचा टिकाऊ उपयोग दाखवला.

त्या मात्रा खरोखर मोठ्या होत्या, दिवसाला कित्येक ग्रॅम. कारण बहुतेक लेव्होडोपाचं डोपामिन मेंदूत पोचण्याआधीच, आतड्यात आणि रक्तात, होऊन जातं. तिथे ते उपयोगाचं नसतं, उलट मळमळ आणि ओकाऱ्या आणतं. कार्बिडोपाचं काम एवढंच की पडद्याच्या अलीकडे हे रूपांतर रोखायचं. तो स्वतः मेंदूत शिरत नाही, म्हणून तिथलं रूपांतर सुरळीत चालू राहतं. त्यामुळे लेव्होडोपाची गरज साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. परदेशात या जोडगोळीचं जे जुनं नाव प्रसिद्ध आहे, 'सिनेमेट', ते 'विना' आणि 'ओकारी' या अर्थांच्या दोन शब्दांपासून केलेलं आहे. औषधाच्या नावात रुग्णाची तक्रारच गोठवून ठेवल्याचं असं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

आपल्याकडच्या पाकिटांवर ११० किंवा १२५ असे आकडे असतात. त्या बेरजा आहेत. ११०मध्ये १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५मध्ये तेवढाच लेव्होडोपा, पण कार्बिडोपा २५. शरीरातलं रूपांतर नीट रोखायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतो. दिवसाला तीनच गोळ्या घेणाऱ्याला १२५च्या गोळीने ७५ मिळतो आणि ११०च्या गोळीने फक्त ३०. दुकानात १२५ संपल्या म्हणून कुणी ११० पुढे केल्या तर 'दोन्हींत मुख्य औषध तेवढंच' हे वाक्य खरं असूनही पुरेसं नसतं. आठवड्याभरात अकारण मळमळ सुरू झाली, तर आधी पाकिटावरचा आकडा पाहावा.

त्याच सुमारास अहमदाबादच्या मामांनी फोनवर आईला बजावलं होतं, "लेव्होडोपा जपून ठेवा. ते चारपाच वर्षंच चालतं. आत्ताच वापरलंत तर पुढे काय?" हा सल्ला आजही देशभर, सगळ्या भाषांत, ऐकू येतो. डॉक्टरांनी ऐकलं नाही. बाबांना काउंटरवर काम करायचं होतं, म्हणून त्यांनी १२५च्या तीन गोळ्या सुरू केल्या: सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. पुढे २०१४मध्ये घाना आणि इटली इथल्या रुग्णांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घानातल्या रुग्णांना औषध बऱ्याच उशिरा मिळत होतं. 'चारपाच वर्षं' ही मुदत औषधाची असती, तर त्यांचे त्रासही तेवढेच उशिरा यायला हवे होते. तसं झालं नाही. आजार सुरू होऊन जेवढ्या वर्षांनी इटलीतल्या लोकांना असरातले चढउतार आणि अनावर हालचाली सुरू झाल्या, साधारण तेवढ्याच वर्षांनी घानातल्या लोकांनाही झाल्या. औषध घेऊन त्यांना थोडाच काळ झाला असला तरी. म्हणजे घड्याळ आजाराचं चालतं. मात्रा किती मोठी आहे याचाही वाटा असतो. पण औषध लांबणीवर टाकून हाती येतात ती फक्त अडकलेली वर्षं.

ते घड्याळ कसं चालतं, हे मी गच्चीवरच्या टाकीवरून समजून घेतलं. लेव्होडोपा रक्तात फार टिकत नाही. साधारण दीड तासात तो निम्मा होतो. तरी पहिली चार वर्षं बाबांना दोन गोळ्यांमधला सहा तासांचा काळ जाणवलाच नाही. कारण मेंदूत शिल्लक असलेल्या पेशी आलेला माल साठवत होत्या आणि हळूहळू सोडत होत्या. टाकी भरलेली असली की नगरपालिकेचं पाणी किती वाजता येतं याची घरात कुणाला फिकीर नसते. पेशी मरत गेल्या तशी टाकी लहान होत गेली. २०१८च्या सुमारास सकाळी अकराला बाबांचा आवाज बसू लागला, पाऊल घासू लागलं. आता नळाला पाणी आलं तरच घरात पाणी, अशी स्थिती होती. आणि नुसतं पाणी जाण्यावर हे थांबत नाही. वर्षानुवर्षं एकदम येणाऱ्या लोंढ्यांनी पलीकडची ग्रहणशक्तीही बदलते. ज्या पातळीला पूर्वी नुसती मोकळी हालचाल व्हायची, त्याच पातळीला आता अंग आपोआप वळायला, डोलायला लागतं. याला डिस्कायनेशिया म्हणतात. 'कमी पडलं' आणि 'जास्त झालं' यांच्यामधली पट्टी वर्षागणिक अरुंद होत जाते.

मधल्या काळात आणखी एक औषध येऊन गेलं. प्रामिपेक्सोल हा डोपामिन अ‍ॅगोनिस्ट आहे. तो डोपामिन बनत नाही, डोपामिनच्या जागी जाऊन स्वतःच बसतो. त्याला साठवणाऱ्या पेशींची गरज नसते आणि तो लेव्होडोपापेक्षा बराच जास्त वेळ टिकतो, म्हणून दोन गोळ्यांमधल्या खड्ड्यावर तो पुलासारखा टाकतात. २०१९मध्ये तो सुरू झाला. मात्रा हळूहळू चढवून दिवसाला दीड मिलिग्रॅमवर नेली. दुपारचे खड्डे खरोखर भरले. त्याच वर्षात बाबांचा तिकिटांचा छंद वाढला. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाने तिकिटं जमवण्यात वावगं काय, असं कुणालाही वाटेल. पण ती रात्री दोन वाजता फोनवरून मागवली जात होती, एकच संच तीनतीनदा येत होता, पाकिटं न फोडता पलंगाखाली सरकवली जात होती. तीन महिन्यांत सत्तर हजार रुपये गेले, तेव्हा आईने पासबुक माझ्यापुढे ठेवलं.

'हौस' या शब्दाला या आजारात पोटात दुसरा अर्थ असू शकतो. डोपामिन फक्त हालचालीचं रसायन नाही. बक्षीस मिळेल अशी ओढही त्याच्यावर चालते, आणि अ‍ॅगोनिस्ट ती ओढ पेटती ठेवू शकतो. जुगार, खरेदी, खाणं, कामेच्छा या चार दिशांना ती मुख्यतः जाते. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या एका पाहणीत अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांमध्ये असं काही ना काही आढळलं. न घेणाऱ्यांमध्ये सुमारे ७ टक्के. ही वागणूक लाजेपोटी लपवली जाते, आणि माणसाच्या जुन्या आवडीच्याच वाटेने येते, म्हणून ती ओळखू येत नाही. डॉक्टरांनी बाबांना एकच प्रश्न विचारला, "मागवलेली तिकिटं आल्यावर पाहता का?" बाबा गप्प राहिले. औषध एकदम बंद करायचं नसतं. तसं केलं तर घबराट, खिन्नता, घाम, अशी वेगळीच मालिका सुरू होऊ शकते. चार महिन्यांत ते थोडंथोडं उतरवलं. तरीही बाबा त्या काळात फार उदास होते. तिकिटांची मागणी थांबली, आणि दुपारचे खड्डे परत आले.

ते भरायला लेव्होडोपा वाढला. २०२३पर्यंत दिवसाला चार वेळा दीडदीड गोळी, म्हणजे प्रत्येक वेळी १५० मिलिग्रॅम, एकूण ६००. वेळा सात, अकरा, तीन, सात. आणि घरात वाद सुरू झाला. दिवसा बाबांजवळ असणाऱ्या बेन गुजरातीत म्हणायच्या, "काका बहु हले छे." आई तेच मराठीत म्हणायची, "फार हलतात हो हे." काकांचं म्हणणं, हलतात म्हणजे आजार वाढलाय, गोळी वाढवा. मुंबईच्या आत्याचं म्हणणं, एवढ्या गोळ्यांनीच हलतात, कमी करा. दोघांनी एकाच क्रियापदावर भिस्त ठेवली होती आणि दोघंही अर्धे बरोबर होते.

डॉक्टरांनी आम्हाला दैनंदिनीचा तक्ता दिला. दिवसाचे अर्ध्याअर्ध्या तासाचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात पाचांपैकी एका ठिकाणी खूण: झोप, ऑफ, ऑन, ऑन पण त्रासदायक नसलेल्या डिस्कायनेशियासह, ऑन पण त्रासदायक डिस्कायनेशियासह. तक्ता इंग्रजीत होता. भरणार होते बाबा, आई आणि बेन. त्याचं मराठी आणि गुजराती करणं माझ्याकडे आलं.

'ऑन'ला मी 'चालू' लिहिलं, तर बाबा म्हणाले, "आयुष्यभर सरळ नोकरी केली, आता मला चालू म्हणतेस?" 'गोळी लागली' हेही त्यांना नको होतं, ते पोलिसांच्या बातमीसारखं वाटायचं. शेवटी त्यांचेच शब्द घेतले. औषध चढलं की ते म्हणायचे "सुटलो", उतरलं की "अडकलो". तक्त्यात 'सुटा' आणि 'अडकलेला' असे रकाने झाले. खरी अडचण 'हलणं' ही होती. मी बेनना आणि आईला ते क्रियापद तक्त्यातून वगळायला सांगितलं आणि त्याजागी दोन शब्द दिले, 'थरथर' आणि 'डोलणं'.

त्यांच्यातला फरक डोळ्यांना दिसतो, फक्त काय पाहायचं ते माहीत हवं. थरथरीला ताल असतो, सेकंदाला चारसहा ठोक्यांचा. हात मांडीवर विसावलेला असताना ती येते आणि पेल्याकडे हात नेला की बहुधा शमते. तेव्हा चेहरा थिजलेला असतो, आवाज खोल गेलेला. डोलण्याला ताल नसतो. मान, खांदे, धड वाहत्या पाण्यासारखं वळत राहतं, आणि बोलताना, हसताना, काही करायला जाताना वाढतं. तेव्हा चेहरा जिवंत असतो, माणूस गप्पा मारत असतो. थरथर म्हणजे बहुतेक वेळा औषध कमी आहे. डोलणं म्हणजे बहुतेक वेळा त्या क्षणी जास्त आहे. काही रुग्णांत गोळी चढताना आणि उतरतानाच पाय अनावर हलतात, मध्ये नाही. म्हणून प्रत्येक खुणेशेजारी शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही लिहायचं होतं.

पहिल्याच दिवशी उलगडा झाला. सातला गोळी. पावणेआठला बाबा सुटले. सव्वाआठ ते सव्वानऊ डोलणं, इतकं की चहाची बशी हातात टिकेना. पुढे दहापर्यंत छान. पावणेअकराला थरथर, आवाज गेला, पाय जमिनीला चिकटले. अकराची गोळी चढायला पावणेबारा झाले. म्हणजे बेन साडेआठला आणि अकराला, दोन्ही वेळा 'हले छे' म्हणत होत्या. पहिल्या वेळी मात्रा शिगेला होती आणि दुसऱ्या वेळी तळाला. काकांचं ऐकून सकाळची मात्रा वाढवली असती तर साडेआठची बशी फुटली असती. आत्याचं ऐकून कमी केली असती तर पावणेअकराचं अडकणं दहालाच आलं असतं.

तीन दिवसांचे तक्ते पाहून डॉक्टरांनी एकूण औषध न बदलता त्याची वाटणी बदलली. १५० मिलिग्रॅम चार वेळाऐवजी १०० मिलिग्रॅम सहा वेळा, अडीच तासांच्या अंतराने: साडेसहा, नऊ, साडेअकरा, दोन, साडेचार, सात. बेरीज तीच, ६००. शिखर खाली आलं आणि दरी उथळ झाली. या पद्धतीचा धोकाही त्यांनी सांगितला होता: लहान मात्रा कधीकधी उंबरठाच ओलांडत नाही आणि गोळी घेऊनही माणूस सुटत नाही. पहिल्या आठवड्यात दोनची गोळी रोज अशीच वाया जात होती. तक्त्यात कारण दिसलं. बाबा दीडला वरणभात, उसळ, ताक असं जेवत. पोट भरलेलं असलं की गोळी लहान आतड्यात उशिरा उतरते, आणि लेव्होडोपा स्वतः अमिनो आम्ल असल्यामुळे आतड्याच्या भिंतीतून आणि मेंदूच्या पडद्यातून जायला प्रथिनांच्या तुकड्यांशी त्याची एकाच दारात चढाओढ लागते. उसळ रात्रीच्या जेवणात गेली, दुपारचं जेवण पावणेतीनवर. दोनची गोळी पुन्हा लागू लागली.

तक्त्याच्या भाषांतरात एक शब्द मात्र राहिला होता, 'त्रासदायक'. इंग्रजी तक्त्यात त्याचा अर्थ दिलेला असतो: कामात अडथळा आणणारी किंवा रुग्णाला खरी अस्वस्थता देणारी हालचाल. मराठी शब्द हा प्रश्न मोकळा सोडतो, त्रास कुणाला? आई भरायची तेव्हा दिवसातले सहासहा चौकोन त्रासदायक निघायचे. बाबा भरायचे तेव्हा एखादा. देवळात, लग्नात, रिक्षात लोक बघतात हा आईचा त्रास होता, आणि तो खोटा नव्हता. बाबांना मात्र डोलता डोलता पेपर वाचता येत होता, दाढी करता येत होती. मी रकान्याचं नाव बदलून लिहिलं, 'बाबांना स्वतःला नको असलेलं डोलणं', आणि तो रकाना फक्त बाबांनी भरायचा असं ठरलं.

त्यावरून आईबाबांत एकदा चांगलंच वाजलं. आईला आणखी एक गोळी कमी करून हवी होती. बाबा म्हणाले, "तू मला डोलताना पाहतेस. अडकलो की आत काय होतं ते तुला दिसत नाही. तेव्हा मी शांत बसलेला दिसतो." डोलणं कमी करण्यासाठी अमँटाडिन नावाचं औषध असतं, ते डॉक्टरांनी सुचवलं. त्याने काहींना भास होतात हेही सांगितलं. बाबांनी विचार करायला महिना मागून घेतला आणि मग नको म्हणाले.

आता दर तीन महिन्यांनी तपासणीच्या आधी तीन दिवस तक्ता भरला जातो. सध्या जागेपणी अडकलेले चौकोन तीनचार असतात, पूर्वी आठनऊ असत. डोलण्याचे चौकोन पाचसहा आहेत आणि त्यातला नकोसा क्वचित एखादा. अरुंद पट्टी आणखी अरुंद होणार हे आम्हाला माहीत आहे, तेव्हा मात्रा पुन्हा तोडाव्या लागतील. बेनच्या गुजराती तक्त्यात आता 'हले छे' येत नाही. गेल्या वेळी त्यांनी साडेचारच्या चौकोनाशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, काका डोलतात, पण भाजी निवडून देतात.